प्रति: नवजात कॉम्बोची पोस्ट

> सांगलीत बाळांच्या वस्तूंचं दुकान आहे. 'डायपरच्या मोठ्या पॅकवर दुधाची बाटली मोफत' अशी पोस्ट टाकली. चौकशा येतात, विक्री नाही. काय बदलू?

दादा, आधी ती बाटली काढा. दुधाची बाटली, पावडरचं दूध आणि दोन वर्षांखालच्या बाळाचं डबाबंद अन्न यांची जाहिरात करायला किंवा ते भेट द्यायला १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. २००३ च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. दुकानात विकायला हरकत नाही, पण ऑफरच्या फोटोतही बाटली नको.

दुसरं, नवजात मापाचा मोठा पॅक. तो साधारण पाच किलोपर्यंतच चालतो आणि बरीच बाळं दोनेक महिन्यांत तेवढी होतात. उरलेला पॅक घरात पडून राहणार हे आजीला बरोबर कळतं! म्हणून छोटा पॅक ठेवा आणि न फोडलेला पॅक पुढच्या मापात बदलून देऊ, असं पोस्टमध्येच लिहा.

बाटलीऐवजी त्या पॅकसोबत कपड्यांचा कॉम्बो करा. समजा छोटा पॅक ३०० रुपये, सहा सुती लंगोट २४०, दोन दुपटी २६०, झबलं-टोपडं १५०. वेगवेगळं घेतलं तर ९५०, एकत्र ८५०. हे सुटे भाव पोस्टमध्ये दिसू द्या, नाहीतर 'भाव वाढवून सूट दिली' अशीच शंका येते. वाइप्स हवे असतील तर बिनवासाचे घाला.

आणि पोस्टची भाषा बाळंतिणीच्या माहेरच्यांना धरून ठेवा. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाची खरेदी बहुतेक वेळा तेच करतात.