रूममेट मधेच सोडून चाललाय, ओटीटीच्या वर्षाच्या पैशाचा हिशोब कसा करायचा?

मनीषनगर_फ्लॅट: आम्ही चौघं मिहानला जॉबला, मनीषनगरात एकत्र राहतो. जानेवारीत मी माझ्या खात्यातून 1800 चा वार्षिक प्लॅन घेतला, प्रत्येकी 450 ठरले. एकाने दिले आणि तोच आता मे संपला की पुण्याला चाललाय, त्याला किती परत द्यायचे? दुसरा म्हणतो मी पण दिले, मला तर आठवत नाही. हिशोबाचं विकतचं ॲप नको, फुकटात काही सांगा.

धरमपेठी: आम्ही पेड ॲप घेतलं, वर्ष झालं, एक भांडण नाही. थोडे पैसे लागतात पण घ्याच.

वऱ्हाडी_भाऊ: परत काऊन द्यायचे बे? तो पुण्यात बसून पाहीन ना डिसेंबरपर्यंत, पासवर्ड तर आहेच त्याच्याकडे.

खातेवही: भाऊ, सगळीकडे नाही चालत तसं. नेटफ्लिक्सने 2023 च्या जुलैत भारतातही घराबाहेरचं शेअरिंग बंद केलं. धागाकर्ते, महिन्याने मोजा. 1800 म्हणजे महिना 150, चौघांत साडेसदतीस. पाच महिन्यांचे 187.50 त्याने वापरले, उरले 262.50. नवीन मुलगा आला की त्याने हे 262.50 सरळ जाणाऱ्याला द्यायचे, तुमच्या खात्यातून फिरवू नका, तिथेच गोंधळ होतो. आणि "मी दिले" म्हणणाऱ्याचा स्क्रीनशॉट मागू नका, पेंडिंगचाही स्क्रीनशॉट निघतो. तुमच्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये 450 जमा दिसले तरच दिले. त्याच्याकडून त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर घ्या, स्टेटमेंटमध्ये तोच शोधा. फुकटच्या गूगल शीटमध्ये नाव, तारीख, रक्कम, यूटीआर एवढे चार रकाने पुरतात.

सदर_वाली: आमच्याकडे वायफायचं असंच झालं, जाणारी पैसे न देता गेली, सहा महिने मीच भरत होते. अजून राग आहे मला.

वऱ्हाडी_भाऊ: आन नवीन कोणी आलंच नाही तर?

खातेवही: तर तिघांना महिना 50 पडतात, म्हणजे साडेबारा जास्त. ते तिघांनी सोसायचे की जाणाऱ्याने सोडून द्यायचे, हे आधी ठरायला हवं होतं. माझ्या मते ज्याने स्वतःहून घर सोडलं त्याने सोडावे.

सदर_वाली: अजिबात नाही, बदली झाली असेल तर त्याची काय चूक?

धरमपेठी: म्हणूनच म्हणतो ॲप घ्या.

खातेवही: ॲप हिशोब दाखवेल, कोणी सोसायचे ते नाही सांगणार. आणि ऑटोपे चालू असेल तर पैसे कटायच्या 24 तास आधी मेसेज येतो, तो त्याच दिवशी ग्रुपवर टाका, जानेवारीत परत 1800 गपकन कटतील.

मनीषनगर_फ्लॅट: स्टेटमेंट पाहिलं, दुसऱ्याचे 450 फेब्रुवारीतच आलेत, मीच चुकलो, त्याची माफी मागितली. जाणाऱ्याला 262.50 मी देऊन टाकतोय, नवीन आला तर त्याच्याकडून घेईन. ऑटोपे आत्ताच बंद केला. पुढच्या वर्षी वार्षिक प्लॅन घेतच नाही, 199 वाला महिन्याचा घेऊ, पाळीपाळीने एकेक जण भरेल. वर्षाला 588 जास्त जातील, माणशी 147, पण कोणी मधेच गेला तरी फरक एका महिन्याच्या वर जात नाही.

खातेवही: महाग पडते हो.

मनीषनगर_फ्लॅट: चालते. तिसऱ्याचे 450 तर अजून यायचेच आहेत.