माफीच्या पत्रासोबत अडवलेला पगारही पाठवावा का?

नागपुरात इतवारीतील आमच्या दुकानात वडिलांनी 1998 साली दिवाणजींवर चारचौघांत चोरीचा आळ घेतला आणि पगार अडवून त्यांना काढून टाकले. हरवलेली रक्कम पुढे जुन्या खतावणीत सापडली, तरी वडील गप्प राहिले. आता वडिलांना क्षमेची अपेक्षा न ठेवता दिवाणजींना माफीचे पत्र लिहायचे आहे. मसुद्यातील ‘गैरसमज झाला’ हे खोडून ‘मी खोटा आळ घेतला आणि खरे कळूनही सांगितले नाही’ असे आम्ही लिहिले. वडिलांच्या आजारपणाचा उल्लेखही काढला, कारण त्याने क्षमा करण्याचे दडपण येते. अडवलेला पगार व्याजासह धनादेशाने सोबतच द्यावा, की त्याने पत्राचा सौदा होईल? शेजारच्या दुकानदारांना खरे सांगण्यापूर्वी दिवाणजींची इच्छा विचारावी का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.