सोसायटीला गार्डन मेंटेनन्सचा मेल कसा लिहू?

हिरवळ_पुणे: नमस्कार. दोन माळी घेऊन काम सुरू केलंय, आता बाणेर-बालेवाडीच्या सोसायट्यांच्या कमिट्यांना वर्षभराच्या काँट्रॅक्टचा मेल टाकायचाय. साधारण 3000 फूट लॉन, ड्युरांटाची हेज, दहा मोठी झाडं, महिना 15 हजार. मेलवर खर्च करायला पैसे नाहीत. सीझनचा प्लॅन कसा मांडू?

विंग_सी: सरळ डिझायनरकडून ब्रोशर करून घ्या. मी माझ्या धंद्यासाठी 12 हजार घातले, अजून लोक विचारतात कुठून केलं.

खजिनदार_काकू: ब्रोशर कोण उघडतंय, आम्ही मेल मोबाईलवर वाचतो. आणि रेट लिहाच. आमच्या आधीच्या माणसाने 'महिन्याला दोन व्हिजिट' एवढंच लिहिलेलं, जुलैत गवत घोट्याच्या वर गेलं मग त्याने एकदम बुडापासून कापलं, पंधरा दिवस लॉन पिवळं आणि बोडकं, मीटिंगमध्ये शिव्या मला.

मातीवाला: काकू म्हणतात तीच मेख आहे. बाराही महिने सारख्या व्हिजिट वाटू नका, पैसे सारखे ठेवा. जून ते सप्टेंबर दर 8-10 दिवसांनी कटिंग, एका वेळी पातीचा तिसरा हिस्साच. थंडीत वीस-पंचवीस दिवसांनी चालतं, तो वेळ गुलाबाच्या ऑक्टोबर छाटणीला आणि हंगामी रोपांना द्या. मार्च ते मे पाणी, तेव्हा रोज पाणी कोण घालणार, तुमचा माणूस की सोसायटीचा, हे लिहा, सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. फांद्या पावसाआधी उतरवायच्या असतात, पण त्याला महापालिकेच्या उद्यान विभागाची परवानगी लागते, म्हणून अर्ज सोसायटीने लवकर करायचा आणि छाटणीचे पैसे वेगळे, असं स्पष्ट टाका.

टेरेसवाली: माझ्या जास्वंदावर पांढरा कापसासारखा थर आलाय, तुम्ही बघायला याल का?

मातीवाला: पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग निंबोळी तेल, आठवड्याने परत.

बी_404: एसटीपीचं, म्हणजे शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं पाणी असेल तर खताचा खर्च प्लॅनमधून काढा, त्यातच खत असतं.

मातीवाला: थोडं नत्र असतं हे खरं, पण क्षारही असतात. पाऊस थांबला की ते मातीत साचतात आणि पानांची टोकं करपतात. शेणखत काढू नका.

विंग_सी: आमच्याकडे तेच पाणी आहे, काही झालं नाही.

हिरवळ_पुणे: सगळ्यांचे आभार. व्हिजिटचं वेळापत्रक, पाणी आणि परवानगी तिन्ही मेलमध्येच लिहितो, अटॅचमेंट नाही. रेट मात्र नाही टाकणार. गेल्या वर्षी न बघता आकडा दिला, सेक्रेटरी 3000 फूट म्हणाले होते, टेप लावली तर 4700 निघालं, आणि वर्षभर त्याच पैशात राबलो. आधी पाहणी, मग आकडा.

खजिनदार_काकू: अहो मग निदान फुटाचा दर तरी टाका, नाहीतर तो मेल मी मीटिंगपुढे ठेवू कसा?