मदत हवी आहे: कटाची आमटी खारट करणारी सासू कोणत्या सिरीयलमधली?

मंडळी, दोन दिवस डोक्याला भुंगा लागलाय. मी ठाण्याची, नौपाड्यात राहते, लहानपणी सुट्टीत वाशीला आत्याकडे जायचे तेव्हा बघितलेला एक सीन आहे.

होळीचा दिवस, सून पुरण पाट्यावर वाटतेय (पुरणयंत्र शेजारीच पडलंय, पण सासूबाईंना पाट्यावरचंच लागतं!), ती पाटा धुवायला मोरीत गेली की सासू येऊन आमटीत मूठभर मीठ टाकते. आता मीठ टाकायचा सीन कुठे नसतो हो, म्हणून तेवढ्यावर नाव सांगू नका. यात पुढे सून चव बघते, काही बोलत नाही, डाळीचा बाजूला काढून ठेवलेला कट आमटीत ओतते, वर चिंचेचा कोळ आणि गूळ घालून परत उकळी आणते. पंगतीत सासरे दुसऱ्यांदा वाटी पुढे करतात आणि कॅमेरा सासूच्या तोंडावर तीन वेळा, ढॅण ढॅण ढॅण!

आई म्हणते 'अग्गंबाई सासूबाई', पण तिथे सासूच बिचारी राबत असते आणि स्वयंपाक येणारा तो शेफ अभिजीत राजे, शिवाय ती २०१९ ची. मला कोपऱ्यात ईटीव्हीचा लोगो पक्का आठवतोय, म्हणजे २०१५ मध्ये कलर्स मराठी झालं त्याच्या आधीचंच. सुनेच्या हातात हिरव्या बांगड्या, ओटा काळ्या कडाप्प्याचा.

कोणाला आठवतंय का? निदान त्या सासूचं सिरीयलमधलं नाव तरी सांगा.