हीटमॅपवरून आकडे काढले, पण ठाणे–बेलापूर रस्ता खरोखर ५० अंशांवर आहे का?

ऐरोलीकर (मूळ पोस्ट)
अहवालांत रंगीत नकाशे छापतात आणि आकडे मात्र स्वतःकडे ठेवतात. म्हणून मी पृष्ठभाग-तापमानाच्या नकाशाचा स्क्रीनशॉट घेतला आणि प्रत्येक पिक्सेल बाजूच्या रंगपट्टीशी जुळवून तापमान काढले. औद्योगिक पट्टा ४७ अंशांच्या आसपास आहे, पण ठाणे–बेलापूर रस्त्याच्या दोन्ही कडांना ४९.६३ ते ४९.९८ अंशांची सलग रेघ मिळते. अहवालात तिचा उल्लेखही नाही. झाडे तोडून रस्ता रुंद केल्याचा आणखी कोणता पुरावा हवा?

खाडीपल्याड
ही रेघ तीन गटांत पुढे सरकत माझ्यापर्यंत आली, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी दशांशांचे पाहू. तोच अहवाल माझ्याकडे आहे आणि तुमच्याच मापाचा स्क्रीनशॉट मी घेतला आहे. रंगपट्टीवरील २५ ची खूण ४१२ व्या ओळीवर येते आणि ५० ची १६२ व्या ओळीवर. म्हणजे २५ अंशांसाठी २५० पिक्सेल, एका पिक्सेलला ०.१ अंश. पट्टीत शोधून मिळणारे प्रत्येक उत्तर एकाच दशांश स्थानापर्यंत येते. ४९.६३ मधला ३ कुठून आला, हे तुम्हीच सांगावे. जुळवणीची माझी पद्धत एवढीच आहे:

```python
bar = img[162:413, 905:921, :3].astype(float)
lut = np.median(bar, axis=1)
T = 25 + (412 - np.arange(162, 413)) * 0.1
d, i = cKDTree(lut).query(img[..., :3].reshape(-1, 3))
val = T[i]
val[d > 12] = np.nan
```

शेवटची ओळ महत्त्वाची आहे. `d` म्हणजे पिक्सेलचा रंग पट्टीतील सर्वांत जवळच्या रंगापासून किती दूर आहे ते अंतर. जवळचा रंग प्रत्येक पिक्सेलला मिळतोच, नावांच्या काळ्या अक्षरांनाही मिळतो. म्हणून अंतर न पाहता उत्तर स्वीकारले, तर अक्षरांचेही तापमान निघते.

मात्र तुमची रेघ या गाळणीतूनही सुटते, आणि खरी गोम तिथेच आहे. नकाशा जेट रंगक्रमाचा आहे. त्यात शुद्ध लाल (२५५, ०, ०) सुमारे ४७.३ अंशांवर येतो आणि तेथून ५० पर्यंत तोच लाल काळवंडत (१२७, ०, ०) होतो. नकाशावर रस्ते काळ्या रेषेने काढलेले आहेत. रेषेची कडा दातेरी दिसू नये म्हणून संगणक कडेच्या पिक्सेलमध्ये काळा आणि खालचा लाल यांचे मिश्रण करतो. निम्मा काळा मिसळला की (१२७, ०, ०) मिळतो, म्हणजे पट्टीचे अगदी वरचे टोक; पाव भाग मिसळला तर ४७.३ आणि ५० यांच्या अधलेमधले तापमान मिळते. हे सारे रंग पट्टीत तंतोतंत असल्यामुळे अंतर जवळजवळ शून्य येते. तुम्हाला मिळालेले ५० अंश रस्त्याचे नसून शाईचे आहेत.

पडताळा सोपा आहे. अशीच काळी रेषा ऐरोलीच्या पुलावरून निळ्या खाडीवर जाते. तिथे पुलाच्या कडांचे तापमान किती येते, ते येथे लिहा.

घणसोली_दुचाकी
आपले गणित आपल्यापाशी ठेवा. मी रोज दुपारी या रस्त्याने तुर्भ्यापर्यंत दुचाकीने जातो. सिग्नलला पाय टेकवला की बुटाच्या तळव्यातून चटका बसतो. वातानुकूलित खोलीत बसून रस्ता तापत नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा माझ्या मागे बसावे.

खाडीपल्याड
रस्ता तापत नाही, असे मी कुठेही लिहिलेले नाही. या चित्रातून ते कळत नाही, असे लिहिले आहे. नकाशाखाली लँडसॅट ८ असा उल्लेख आहे. त्याच्या उष्णता-संवेदकाचा मूळ पिक्सेल १०० मीटरचा असतो. नंतर तो ३० मीटरच्या जाळीत बसवून दिला जातो. या स्क्रीनशॉटमध्ये एक पिक्सेल साधारण ३३ मीटरचा आहे. म्हणजे उपग्रहाला दिसलेली कोणतीही उष्ण जागा येथे सुमारे तीन पिक्सेल पसरून, कडांना विरत गेलेली दिसायला हवी. तुमच्या बुटाखालचा रस्ता आजूबाजूच्या शेडच्या पत्र्यांत मिसळूनच मोजला गेला आहे. एका पिक्सेलची धारदार रेघ संवेदकातून येऊच शकत नाही. ती रेखाटनातूनच येते. शिवाय हा उपग्रह आपल्यावरून सकाळी जातो, तुमच्या दुपारच्या सिग्नलच्या वेळी नव्हे.

नेरूळ_सांख्यिकी
दोष पद्धतीत आहे, चित्रात नाही. आरजीबीमधील सरळ अंतर डोळ्याला दिसणाऱ्या फरकाशी जुळत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. रंग आधी लॅब अवकाशात नेऊन तेथे अंतर मोजावे. त्यानंतर काढलेल्या तापमानांवरून नकाशा पुन्हा रंगवावा आणि मूळ चित्रातून वजा करावा. फरक शून्याजवळ आला की आकडे बरोबर आहेत, हे सिद्ध होते. यात एवढे चिडण्यासारखे काय आहे?

खाडीपल्याड
जेपेगमुळे मळलेल्या, पट्टीपासून थोड्या ढळलेल्या रंगांची जुळवणी लॅबने काही ठिकाणी सुधारते, एवढे मान्य करतो. येथे मात्र रेषेच्या कडेचा रंग ५० अंशांचाच रंग आहे. दोन एकसारख्या रंगांमधले अंतर कोणत्याही अवकाशात शून्यच राहते.

पुन्हा रंगवून वजाबाकी करण्याची कसोटी तर येथे फसवीच आहे. (१२७, ०, ०) ला तुम्ही ५० म्हणणार, ५० ला पुन्हा (१२७, ०, ०) रंगवणार आणि फरक शून्य आला म्हणून समाधान मानणार. या कसोटीत पट्टीबाहेरचे रंग पकडले जातात, पट्टीतला रंग चुकीच्या कारणाने आलेला असेल तर तो कधीच पकडला जात नाही. खरी कसोटी उलट दिशेने करावी लागते. ज्याचे आकडे आपल्याला आधीच ठाऊक आहेत अशी जाळी घ्यावी, तिच्यावर त्याच रंगक्रमाने, त्याच मापात, तशाच काळ्या रेषांसह नकाशा काढावा, स्क्रीनशॉट घ्यावा आणि आकडे परत मिळवून पाहावेत. चूक किती आणि कुठे येते, ते तेव्हाच दिसते.

माहिती_अर्जदार
आपण सारे भाग्यवान आहात, निदान स्क्रीनशॉट तरी मिळाला. मी माहिती अधिकारात अशाच नकाशामागची सारणी मागितली होती. उत्तरादाखल नकाशाची रंगीत छापील प्रत आली, तीही सही-शिक्क्यासाठी पुन्हा स्कॅन केलेली. शिक्का नेमका रंगपट्टीवर मारलेला आहे. सारणी ज्याने बनवली त्याच्याकडे ती आहेच, मग नागरिकांनी पिक्सेल का मोजत बसावे? या प्रश्नावर कोणीही बोलत नाही.

नेरूळ_सांख्यिकी
या प्रश्नावर स्वतंत्रपणे भांडू. पण आपल्या प्रतीतूनही आकडे काढणे शक्य असावे.

खाडीपल्याड
त्या प्रतीतून फार तर ढोबळ आकडे निघतील. छपाईत रंग निरनिराळ्या शाईंच्या ठिपक्यांतून बनतो, त्यामुळे स्कॅनचा सुटा पिक्सेल म्हणजे एखादा ठिपका किंवा मधला कागद असतो. आधी ठिपके विरेपर्यंत चित्र धूसर करावे लागते, आणि तसे करताच दोन रंगांच्या सीमेवर खोटे मधले रंग तयार होतात. जुळवणी मात्र त्याच कागदावरच्या पट्टीशी करावी, सॉफ्टवेअरमधल्या आदर्श जेटशी नव्हे. छापताना आणि स्कॅन होताना जे रंग बिघडले, ते पट्टीत आणि नकाशात बहुतांशी सारखेच बिघडलेले असतात. आपल्या बाबतीत शिक्क्याने ती सोयही काढून घेतली आहे, याचे वाईट वाटते.

माहिती_अर्जदार
वाईट वाटून घेण्यापेक्षा अपिलाच्या मसुद्याला मदत केली असती, तर अधिक उपकार झाले असते.

रबाळे_मेंटेनन्स
येथे उगीच गुंतागुंत वाढवली जात आहे. आमच्या कारखान्यात विजेच्या पॅनेलचे थर्मल कॅमेऱ्याने फोटो काढतात. संगणकावर फोटो उघडून कुठेही कर्सर ठेवला की तापमान दिसते, आणि ते स्पर्शाच्या तापमापकाशी ताडून पाहिलेले आहे. रंगावरून तापमान निघत नाही, हे मला पटत नाही.

खाडीपल्याड
साहेब, तुमचे सॉफ्टवेअर रंग वाचतच नाही. अशा कॅमेऱ्यांच्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूचे मापन चित्रासोबत साठवलेले असते. रंग केवळ तुमच्या डोळ्यांसाठी असतो. म्हणूनच रंगक्रम बदलला तरी आकडा बदलत नाही. तोच फोटो मोबाइलवर कोणाला तरी पाठवा, तिकडून परत मागवा आणि मग कर्सर ठेवून पाहा. चित्र तसेच दिसेल, मापन बहुधा गळून पडलेले असेल.

ऐरोलीकर
एवढे सारे विद्वान जमल्यावर पुलाचा आकडा देणे भागच आहे. ऐरोलीच्या पुलाच्या दोन्ही कडांना २५.० ते २५.३ अंश येतात, बाजूची खाडी २८ च्या आसपास. म्हणजे डांबर खाडीवर गारठते आणि रबाळ्यात भाजते, असा नवा शोध मी लावला आहे, अभिनंदन स्वीकारतो. दोन दशांश स्थाने लगतच्या दोन ओळींमध्ये प्रमाण काढून आली होती, ती आकाशातून पडली नव्हती. औद्योगिक पट्टा ४७ अंशांवर आहे, हे मात्र कोणीही खोडलेले नाही.

खाडीपल्याड
ते मी खोडणारही नाही. काळ्या रेषा आणि अक्षरे शोधून त्यांच्याभोवतीचे तीन-तीन पिक्सेल वगळा, मग मोठ्या क्षेत्राची सरासरी घ्या. ती विश्वासार्ह असेल. आपला राग नकाशे छापणाऱ्यांवर असावा, त्यात मी तुमच्यासोबत आहे.

आणि स्क्रीनशॉट घेण्याआधी हे करून पाहा:

```
pdfimages -list ahval.pdf
pdfimages -all ahval.pdf chitra
```

पीडीएफ थेट नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून निघाली असेल, तर तापमानाचा रंगीत थर वेगळे चित्र म्हणून आत असतो आणि रस्ते त्याच्यावर वेगळ्या रेषा म्हणून काढलेले असतात. तसे असेल तर रेषांविना थर हाती येईल.

ऐरोलीकर
करून पाहिले. एक पीएनजी निघाले, त्यात एकही रस्ता नाही. स्क्रीनशॉटचीच पट्टी लावून पाहिली, तर जिथे रेघ होती तिथे आता ४६.६ ते ४७.२ अंश मिळतात. पण त्या पीएनजीत रंगपट्टी नाही, ती पानावर वेगळी आहे. मग स्क्रीनशॉटच्या पट्टीशी जुळवलेले चालेल का?

खाडीपल्याड
पट्टी स्क्रीनशॉटमधूनच घ्या. पडद्याच्या रंग-प्रोफाइलमुळे तिचे रंग किंचित सरकलेले असू शकतात. ते तपासायला रेषांपासून दूरचे, दोन्ही चित्रांत सपाट दिसणारे काही तुकडे निवडा आणि त्यांचे आरजीबी आकडे शेजारी ठेवा. फरक एक-दोन एककांचा असेल तर पुढे जा, त्याहून मोठा असेल तर तो किती हे येथे टाका.

घणसोली_दुचाकी
म्हणजे रस्ता आता ४७ अंशांवर आला. उद्या आणखी एखादी आज्ञा चालवून तो ३० वर आणा. मी मात्र बूट बदलणार नाही.

नेरूळ_सांख्यिकी
लॅबचा मुद्दा मी सोडलेला नाही. हिरव्या भागात, जिथे जेटचे रंग डोळ्याला जवळजवळ एकसारखे दिसतात, तिथे दोन्ही अंतरांनी येणाऱ्या उत्तरांची तुलना मी रविवारी टाकतो.

खाडीपल्याड
टाका. जाळी मात्र आकडे आधीच ठाऊक असलेलीच घ्या.