शब्दचर्चा : कौसर, कसर आणि कसरत

बोरूबहाद्दर
आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणीला मुलगी झाली, नाव ठेवलं कौसर. अर्थ विचारला तर म्हणाली, ‘भरपूर, मुबलक’. दुसऱ्या एकाने सांगितलं की कौसर म्हणजे जन्नतमधली नदी. कुराणात याच नावाची तीन ओळींची सूरा, म्हणजे अध्याय, आहे असंही कळलं. मग खरा अर्थ कोणता? आणि आपल्या ‘कसर’ शब्दाशी याचं काही नातं आहे का?

गोदाकाठ
नातं आहेच. क-स-र, तीन व्यंजनं तीच. अरबीत एकाच धातूतून उलटसुलट अर्थाचे शब्द निघतात. कसर म्हणजे कमतरता, कौसर म्हणजे विपुलता.

मिरजेची मास्तरीण
गोदाकाठ, व्यंजनं तीच दिसतात ती देवनागरीत. अरबीत ‘स’सारखी तीन वेगळी अक्षरं आहेत: से, सीन आणि स्वाद. आपण तिन्हींना एकाच स मध्ये कोंबतो. ‘कसर राहिली’ मधली कसर सीनची. तिचा मूळ अर्थ मोडणे, तुकडा. पूर्णाला जे कमी पडतं ती कसर. कौसर लिहितात ‘से’ने, आणि अरब माणूस ते अक्षर जीभ दातांत धरून ‘थ’च्या जवळपास उच्चारतो. त्या धातूचा अर्थ पुष्कळ असणे. दोन धातू, संबंध शून्य.

पण मराठीत कौसरचं खरं भावंड आहेच: कसरत! अरबीत ‘कस्रत’ म्हणजे पुष्कळपणा. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा, पुष्कळ वेळा करायची, म्हणून सराव, सरावातून व्यायाम. उर्दूतल्या ‘अक्सर’चंही घराणं हेच.

आता सूरा. क्रमांक १०८, तीन आयती:

इन्ना आतयना कल कौसर
फसल्लि लिरब्बिका वनहर
इन्ना शानिअका हुवल अबतर

अर्थ साधारण असा: आम्ही तुला कौसर दिलं. तेव्हा आपल्या रबसाठी नमाज पढ आणि कुर्बानी कर. तुझा द्वेष करणारा, तोच अबतर. तीन आयतींच्या सूरा आणखी दोन आहेत, अल-अस्र आणि अन-नस्र, पण अरबी शब्द मोजले तर ही सर्वांत लहान. अवघे दहा शब्द.

नहरवाला
मी औरंगाबादचा, म्हणजे आता संभाजीनगर. मलिक अंबरची नहर-ए-अंबरी आमच्या शहराची शान. दुसऱ्या आयतीत ‘वनहर’ आहे ना, म्हणजे ‘आणि नहर’. तेव्हा नदीचा अर्थ सूरेतच लिहिलेला आहे, वाद कशाला?

मिरजेची मास्तरीण
भाऊ, तुमची फसगतही लिपीनेच केली. पाण्याची नहर वेगळ्या ‘ह’ची. ‘वनहर’मधला ह घशातून येणारा. त्या शब्दाचा अर्थ छातीचा वरचा भाग, मानेच्या बुंध्याचा खळगा. उंटाला तिथे वार करून कापतात, त्या कृतीला नहर म्हणतात. बकरी किंवा गाय कापण्याला वेगळा शब्द आहे, जबह. म्हणजे आज आपल्याकडे बकरी ईदला बकरा दिला जात असला, तरी आयतीतलं क्रियापद उंटाचं आहे. कुराणाच्या काही जुन्या भाष्यकारांनी इथे कुर्बानी न घेता ‘नमाजात हात छातीपाशी बांध’ असाही अर्थ घेतला, कारण शब्द छातीचाच. बहुसंख्य मात्र कुर्बानीच मानतात.

बोरूबहाद्दर
मग नदी आली कुठून?

मिरजेची मास्तरीण
हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींतून. अनस या सहाबींची, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्याची, रिवायत आहे: पैगंबरांना जरा डुलकी लागली, मग हसत डोकं वर केलं, ही सूरा ऐकवली आणि विचारलं, कौसर म्हणजे काय ठाऊक आहे? मग सांगितलं, ती एक नदी आहे, माझ्या रबने मला कबूल केलेली. म्हणजे नदीचा अर्थ कुणी नंतर चिकटवला असं म्हणता येत नाही.

दुसरीकडे इब्न अब्बास हे दुसरे सहाबी म्हणत, कौसर म्हणजे ‘खैर-ए-कसीर’, पुष्कळ भलं. त्यांचे शिष्य सईद बिन जुबैर यांना कुणीतरी तुमच्यासारखंच म्हणालं, लोक तर नदी म्हणतात. त्यांनी उत्तर दिलं की जन्नतमधली ती नदीसुद्धा त्या पुष्कळ भल्यातलीच एक. मला हे उत्तर आवडतं. ते कुणाला खोटं पाडत नाही. नदी हे नाव, आणि नावाच्या पोटातला अर्थ विपुलता.

शब्दाचा साचाही पाहा. ‘कसीर’ म्हणजे नुसतं पुष्कळ. कौसरच्या साच्यात मधे ‘औ’ घातला की जोर वाढतो: अतोनात पुष्कळ. जमख्शरी या बाराव्या शतकातल्या भाष्यकाराने एक छान किस्सा दिलाय. वाळवंटातल्या एका भटक्या बदू बाईचा मुलगा प्रवासाहून परतला. कुणी विचारलं, पोरगा काय घेऊन आला? ती म्हणाली, ‘कौसर घेऊन आला.’ तिथे नदीचा काय संबंध! म्हणजे हा बोलीतला साधा शब्दही होता.

गोदाकाठ
कसरचं मान्य, चूक झाली. पण १०२ व्या सूरेचं नाव ‘तकासुर’ आहे, तेही ‘से’चंच ना? तिथे तर निंदा आहे.

मिरजेची मास्तरीण
बरोबर पकडलंत. धातू तोच. पण तकासुरचा साचा परस्परांचा: माझं तुझ्यापेक्षा जास्त, ही चढाओढ. कबरीत जाईपर्यंत माणसं त्यातच गुंतून राहतात, अशी तिथली तक्रार. कौसर मात्र दिलेलं आहे, कमावलेलं नाही. क्रियापदच ‘आम्ही दिलं’.

वळूमाता
‘अबतर’वर कुणी बोलेना. आमच्या गावी शेपूट तुटलेल्या बैलाला बांडा म्हणतात. उर्दूत ‘हालत अबतर है’ म्हणतात तोच का हा?

मिरजेची मास्तरीण
तोच. आणि तुमचा बांडा मूळ अर्थाला अगदी चिकटून आहे. अबतर म्हणजे शेपूट तुटलेलं जनावर, त्यावरून ज्याच्या मागे कुणी उरलं नाही तो. पैगंबरांचा मुलगा लहानपणीच वारला, तेव्हा मक्केतल्या विरोधकांनी त्यांना हा शब्द वापरून हिणवलं. रिवायतींत बहुधा आस बिन वाइल याचं नाव येतं. तिसऱ्या आयतीने तो शब्द बोलणाऱ्याच्याच पदरात परत टाकला. ‘तोच अबतर’ यातला ‘च’ अरबीत ‘हुव’ने येतो, तो भाषांतरात गाळला तर सगळी धार जाते.

म्हणूनच शिया परंपरेत आणि काही सुन्नी भाष्यकारांकडेही कौसरचा अर्थ पैगंबरांची मुलगी बीबी फातिमांकडून वाढलेला वंश असा घेतात. शेवटी निर्वंशाचा टोमणा आहे, तर सुरुवातीला वंशाची विपुलता. रचनेच्या दृष्टीने बसतं.

गोदाकाठ
एक शंका. टोमणा मक्केतला, पण अनस तर मदिन्याचे. ते तेव्हा मक्केत कुठे होते?

मिरजेची मास्तरीण
म्हणूनच काही जण सूरा मदिन्याची मानतात. बहुतेक मक्केची म्हणतात आणि डुलकीच्या प्रसंगी ती पुन्हा ऐकवली असं समजतात. माझं मत मक्केकडे झुकतं, पण पैज लावणार नाही.

वळूमाता
मराठीत काय म्हणाल मग? रेलचेल?

बोरूबहाद्दर
रेलचेल लग्नाच्या पंगतीची वाटते. ‘विपुलता’ सरकारी. ‘सुकाळ’?

मिरजेची मास्तरीण
सुकाळ धान्याकडे ओढतो. अर्थ घ्यायचा असेल तर मी ‘भरभरून’ वापरेन: तुला भरभरून दिलं. पण मग नदीचं नाव हरवतं. नावच ठेवायचं तर ‘कौसर’ तसाच राहू द्यावा.

नहरवाला
म्हणजे माझी नहर गेली, पण नदी राहिली. चालेल.

बोरूबहाद्दर
मैत्रिणीला हे सगळं वाचून दाखवलं. म्हणाली, अगं, माझ्या नानीचं नाव कौसर होतं, म्हणून ठेवलं. आता मुलीचं टोपणनाव ‘कसरत’ पडलंय, कारण रात्रभर झोपू देत नाही.