मदत हवी आहे: मैत्रिणीच्या मॅरेथॉनच्या पोस्टवर काय लिहू?

माझ्या मैत्रिणीने सातारा हिल हाफ मॅरेथॉन पूर्ण केली. मेडलसोबतचा फोटो टाकलाय, वेळ २ तास ५८ मिनिटं. खाली नुसते 'अभिनंदन' आणि अंगठे. एका महाभागाने तर 'मागच्या वेळी २:५१ होती ना?' असंही विचारलंय!

मी तिची तयारी जवळून पाहिली आहे. मागच्या वेळी यवतेश्वरचा घाट ती जोशात पळत चढली आणि परतीच्या उतारावर मांड्यांत गोळे आले, शेवटचे चार किलोमीटर लंगडत काढले. यंदा जूनपासून दर रविवारी भर पावसात सिंहगडाच्या डांबरी रस्त्यावर सराव. चढण तीव्र झाली की ठरवून चालायचं, उतारावर छोटी पावलं टाकायची. या वेळी शेवटपर्यंत पळाली. सात मिनिटं जास्त लागली, पण हे जमणंच अवघड होतं.

मी लिहिलंय: "घाटात सगळे पुढे जात असताना चालत राहिलीस, म्हणून शेवटचे चार किलोमीटर पळालीस. रविवारचे ओले बूट आठवले गं!"

'चालत' हा शब्द चारचौघांत खटकेल का? आणि गोळ्यांचा विषय काढू की नको? पळणाऱ्यांनी सांगा, तुम्हाला काय वाचायला आवडलं असतं?